तक्रारींच्या नोंदीतून साहेबांसाठी एक पान: 'मोटर जळाली' खाली नेमकं काय काय लिहिलेलं असतं?

वैशाली_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगावला सबमर्सिबल पंप आणि ठिबकच्या सर्व्हिस सेंटरचं ऑफिस मी बघते. रावेर-यावलपासून चोपडा, शिरपूरपर्यंतच्या तक्रारी आमच्याकडे येतात. काही फोनवर, काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही दुकानदारांकडून. सगळ्या एका एक्सेलमध्ये उतरवतो.

आमचे सर्व्हिस हेड नाशिकला बसतात. त्यांना मे महिन्याचा गोषवारा हवाय, एकच पान. त्यात तीन गोष्टी: तक्रारी कोणत्या प्रकारच्या आहेत, परत परत येणाऱ्या तक्रारींचं मूळ काय, आणि अजून किती केस उघड्या आहेत. मे महिन्याच्या नोंदी 214 आहेत. त्यात 'मोटर जळाली', 'मोटर बंद', 'मोटर नुसती घुमते', 'मोटर चालस पन पानी येस नही', 'स्टार्टर पडतो', असं जसं समोरचा बोलला तसं लिहिलेलं आहे. काही ओळी इंग्रजी लिपीत टाइप केलेल्या आहेत.

प्रकार पाडायला बसले की 'मोटर जळाली' हा ढीग सगळ्यात मोठा होतो. साहेब विचारणार, का जळाली? आणि मेकॅनिकच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर आहे: 'व्होल्टेज'. हे तसंच वर पाठवायला मन घेत नाही. तुम्ही कसं करता?

प्रशांत_पांझराकाठ

ताई, मी धुळ्याला गाड्यांच्या शोरूममध्ये हेच काम करतो. फार विचार करू नका. वेगळ्या रकान्यात शब्द शोधायचं सूत्र लावा. 'जळ' दिसलं की 'मोटर जळाली', 'पाणी' दिसलं की 'पाणी येत नाही', 'स्टार्टर' दिसलं की 'स्टार्टर'. दहा मिनिटांत प्रकार पडतात. मग जास्तीत जास्त तक्रारींचे वरचे दोन-तीन प्रकार घ्यायचे, त्यावरच साहेबांचं लक्ष वेधायचं. बाकीचं 'इतर'. आणि मे महिन्यात व्होल्टेज हेच खरं कारण असणार, त्यात चूक काय?

वैशाली_जळगाव

प्रशांतभाऊ, सूत्र लावून बघितलं. 'जळ' शोधलं की पत्त्यातलं 'जळगाव' पण सापडतं, त्यामुळे जळगाव तालुक्यातल्या सगळ्या तक्रारी जळालेल्या मोटरीत जाऊन बसल्या. तक्रारीच्या रकान्यापुरतं मर्यादित केलं तर 'पानी' आणि 'पाणी' वेगळे पडतात, 'मोटर' आणि 'मोटार' वेगळे. शेवटी हातानेच वाचावं लागेल असं दिसतंय.

प्रशांत_पांझराकाठ

हो, आपल्याकडे न-ण चा घोळ आहेच, अहिराणीत बोललेलं जसंच्या तसं लिहिलं की आणखी वाढतो. मग सूत्राने आधी वेगळे काढा आणि नंतर डोळ्याखालून घाला. 214 ओळी म्हणजे एका दुपारचं काम.

केळी_रावेर

ताई तुम्ही तक्रार घेता का? माझी 20 दिवसांपासून तक्रार आहे, कंपनी वेगळी आहे पण बघा काही होतं का. मोटर घुमते आणि स्टार्टर पडतो. पहिल्यांदा मी फोन केला. नंतर मुलाने त्याच्या मोबाइलवरून केला, मग दुकानदाराने केला. तीन वेळा तीन वेगळे नंबर मिळाले. मेकॅनिक आला, म्हणाला 'मोटर वर काढून ठेवा, मग बोलवा', आणि गेला. त्याच संध्याकाळी मेसेज आला की तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे. मी बंद करा म्हणालोच नाही. साडेसात एचपीची मोटर 300 फुटांवरून काढायला ट्रायपॉडवाला चार दिवस मिळेना. केळीला पाणी कुठून देऊ?

सुनंदा_भुसावळ

केळी_रावेर दादा, हा धागा तक्रार नोंदवायचा नाही, वैशाली ऑफिसच्या कामाबद्दल विचारतेय. पण तुम्ही लिहिलंत ते तिने नीट वाचावं, कारण गोषवारा जिथे फसतो त्या सगळ्या जागा तुमच्या एका केसमध्ये आहेत.

वैशाली, मी बरीच वर्षं नाशिकला एका कंपनीच्या तक्रार विभागात होते, आता भुसावळला असते. दादांचं प्रकरण तुझ्या एक्सेलमध्ये कसं दिसेल ते बघ. तीन ओळी, तीन मोबाइल नंबर, एकावर 'बंद' असा शिक्का. तू नुसतं मोजलंस तर तीन तक्रारी, त्यातल्या दोन उघड्या. खरं म्हणजे एक तक्रार, आणि ती पूर्ण उघडी. प्रकार पाडण्याआधी हे जुळवून घे, नाहीतर पुढचा प्रत्येक आकडा वाकडा येईल.

जुळवायचं कशावर हा प्रश्न आहे. मोबाइल चालत नाही, ते वर दिसलंच. सिरीयल नंबर चांगला वाटतो, पण मोटरीची पाटी बोअरमध्ये असते, म्हणून तो बिलावरून लिहितात किंवा लिहितच नाहीत. शिवाय वॉरंटीत मोटर बदलून दिली की नंबर बदलतो, आणि नेमका जो शेतकरी दुसऱ्यांदा भोगतोय तोच नवा ग्राहक होऊन बसतो. आम्ही शेवटी गाव आणि गट नंबर यावर आलो. गट नंबर प्रत्येकाला तोंडपाठ असतो. एका गटात दोन बोअर असतील तर पुढे 'विहिरीजवळचा', 'बांधावरचा' असं जोडायचं.

गाव-गट C रकान्यात आणि तारीख B मध्ये असेल तर मागच्या 60 दिवसांत तिथूनच आधी तक्रार आली होती का, ते असं कळतं:

```
=IF(C2="","गट नाही",COUNTIFS(C:C,C2,B:B,"<"&B2,B:B,">="&B2-60))
```

सुरुवातीचा IF काढू नकोस. तो नसला तर गट न लिहिलेल्या ओळींसमोर 0 येतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की तिथे तक्रार परत आली नाही. आणि खाली एप्रिलच्या ओळी पण असू देत, नाहीतर मेच्या पहिल्या आठवड्यातली परत आलेली तक्रार नवी दिसेल.

वैशाली_जळगाव

सुनंदाताई, गट नंबर निम्म्या ओळींत होता, बाकीच्यांना फोन करून घेतला. 214 ओळींच्या 163 केस झाल्या. पन्नासेक ओळी म्हणजे तीच माणसं, परत परत फोन करणारी.

सुनंदा_भुसावळ

त्या 51 ओळी फेकून देऊ नकोस. केससमोर 'किती वेळा फोन' असा रकाना कर. ज्या केसला चार-पाच फोन आलेत ती साहेबांनी आधी बघायची केस आहे.

आता 'मोटर जळाली' कडे येऊ. ग्राहक जे बोलला तो एक रकाना, आणि मोटर उघडल्यावर जे सापडलं तो दुसरा. हे दोन एकमेकांत मिसळू नकोस. ग्राहकाच्या शब्दांवरून प्रकार ठरतो, सापडलेल्यावरून कारण. शेतकऱ्याला मोटर चालत नाही एवढंच दिसतं, म्हणून तो 'जळाली' म्हणतो. कितीतरी वेळा ती जळालेलीच नसते. वाइंडिंगचं मला फार कळत नाही, चोपड्याचे अण्णा इथे असतात, त्यांना विचार.

अण्णा_चोपडा

आलो. माझं वाइंडिंगचं दुकान आहे, सबमर्सिबलच जास्त.

बाई, 'व्होल्टेज' हे उत्तर मेकॅनिक का लिहितो ते आधी सांगतो. ते लिहिलं की पुढे कोणी विचारत नाही. लाइटीचं काम आपल्या हातात नाही, कंपनीची चूक नाही, मेकॅनिकची नाही. पण वाइंडिंग उघडलं की ते स्वतः सांगतं. तुमच्या मेकॅनिकला 'कारण काय' विचारू नका, 'काय दिसलं' ते विचारा.

तिन्ही फेज सारखे काळे असतील तर मोटरीवर जास्त लोड पडला, किंवा व्होल्टेज खूप कमी होतं, किंवा पंप रेतीने जाम झाला आणि मोटर फिरलीच नाही. अशा वेळी पंपाचं कपलिंग हाताने फिरवून बघायचं. फिरलं नाही तर दोष पंपात आहे, लाइटीवर ढकलू नका. दोन फेज काळे आणि तिसरा अगदी स्वच्छ, असं असेल तर एक फेज गेलेला असताना मोटर चालत राहिली. एकाच जागी भोक पडलंय किंवा केबलच्या जॉइंटपाशी काळं झालंय, बाकी वाइंडिंग नवं, तर पाणी जॉइंटमधून आत गेलं. वाइंडिंग बरं पण बुश खाल्लेले, थ्रस्ट बेअरिंग झिजलेली, पंपाचे इम्पेलर वितळल्यासारखे, तर मोटर कोरडी चालली. आपल्याकडे मे महिन्यात बोअरचं पाणी खाली जातं, तेव्हा हे होतंच.

प्रशांत_पांझराकाठ

अण्णा, म्हणजे एक फेज गेला की दोन जळतात? मला एका मेकॅनिकने उलटं सांगितलं होतं, की सिंगल फेजिंगमध्ये एकच फेज जळतो.

अण्णा_चोपडा

दोघंही बरोबर. मोटरीचं कनेक्शन स्टार असेल तर दोन जळतात आणि एक वाचतो. डेल्टा असेल तर एक जळतो आणि दोन वाचतात. म्हणून नोंदीत कनेक्शन लिहिलंच पाहिजे.

मात्र एकच फेज काळा म्हणजे दर वेळी सिंगल फेजिंग असं पण नाही. तिन्ही फेजच्या व्होल्टेजमध्ये थोडाच फरक असला तरी करंटमधला फरक त्याच्या कितीतरी पट होतो, आणि त्यानेही एक फेज जास्त तापतो. तिथे बाकीचे दोन पूर्ण स्वच्छ नसतात, थोडे तपकिरी पडलेले असतात. खात्री नसली तर खात्री नाही असं लिहा.

वैशाली_जळगाव

अण्णा, हे वाचल्यावर मी मेकॅनिकच्या वह्या आणि त्यांच्या मोबाइलमधले फोटो मागवले. 'मोटर जळाली' म्हणून 41 केस होत्या. त्यातल्या 9 मोटरी जळालेल्याच नव्हत्या: स्टार्टरची कॉइल, फ्यूज, कुठे उंदराने कुरतडलेली वायर. राहिल्या 32. त्यातल्या 8 मोटरी शेतकऱ्यांनी गावातच रिवाइंड करून घेतल्या, त्यांचं काही कळत नाही. उरलेल्या 24 चा हिशोब असा लागला: सिंगल फेजिंग 11, तिन्ही फेज काळे 5, केबल जॉइंट 5, कोरडी चाललेली 3.

गंमत म्हणजे त्या 11 पैकी 7 ठिकाणी 'दोन फेज गेले' आणि 4 ठिकाणी 'एक फेज गेला' असं लिहिलं होतं. तुम्ही बोलला नसता तर मी ती दोन वेगळी कारणं धरली असती. त्या चारही मोटरी डेल्टाच्या आहेत, आणि फोटोत बाकीचे दोन फेज स्वच्छ दिसतात.

त्या 8 चं काय करू? बाकीच्यांच्या प्रमाणात वाटून टाकू का?

सुनंदा_भुसावळ

मुळीच नको. 'कारण माहीत नाही: 8' अशी वेगळी ओळ ठेव आणि ती वरच ठेव, तळाशी लपवू नकोस. गावात रिवाइंड करून घेणारा शेतकरी बहुतेक तुमची वाट बघून कंटाळलेला असतो. त्या 8 जणांनी तक्रार कधी केली आणि तुमचा माणूस कधी पोहोचला, ते बघ. कारण नाही कळलं तरी उशीर कळेल.

वैशाली_जळगाव

बघितलं. आठपैकी सहा जणांकडे आमचा माणूस चौथ्या दिवशी किंवा त्यानंतर गेला.

सुनंदा_भुसावळ

मग तेही त्या ओळीत लिही.

केळी_रावेर

तेच तर म्हणतोय मी. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. त्या उन्हात आणि लूत केळीला चार दिवस पाणी नसलं तर पानं करपतात, घड वाळतो, कधी झाडच मोडून पडतं. तुमच्या कागदावर ज्या केस उघड्या आहेत त्यात पाणी चालू आहे का बंद, हे लिहिता का?

वैशाली_जळगाव

नाही लिहीत, दादा. आम्ही फक्त किती दिवस झाले ते लिहितो.

सुनंदा_भुसावळ

दादांचा मुद्दा पक्का आहे. उघड्या केस बहुतेक जण दिवसांवर लावतात, सगळ्यात जुनी वर. त्यामुळे ठिबकच्या फिल्टरचं झाकण मिळत नाही म्हणून 40 दिवस पडून असलेली केस पहिली येते, आणि तीन दिवसांपासून पाणी बंद असलेली केळीची बाग खाली जाते. आधी 'पाणी बंद' आणि 'पाणी चालू' असे दोन भाग कर, मग प्रत्येकात दिवस बघ.

आणि प्रत्येक उघड्या केससमोर ती कुणापाशी अडकली आहे ते लिही. 'पेंडिंग' या शब्दाने साहेबांना काहीच करता येत नाही. 'पार्ट नाशिकहून यायचा', 'कारखान्याचा वॉरंटी रिपोर्ट यायचा', 'शेतकऱ्याने मोटर काढायची', 'आपला माणूस गेलेला नाही', असं लिही. यातलं तिसरं जरा जपून वापर. मेकॅनिक 'मोटर काढून ठेवा' म्हणून निघून येतो आणि केस शेतकऱ्याच्या गळ्यात टाकतो. रावेरच्या दादांचं तेच झालं. ट्रायपॉडवाल्याचा नंबर तुम्ही देऊ शकत असाल तर ती केस तुमच्याकडेच अडकलेली आहे.

प्रशांत_पांझराकाठ

आणि बंद कधी धरायची? आमच्याकडे गाडी बाहेर गेली की बंद.

सुनंदा_भुसावळ

पंपात तसं चालत नाही. पाणी चालू होऊन मोटर एक पाळी नीट चालली, आणि शेतकऱ्याने फोनवर 'चालू आहे' सांगितलं की बंद. मेकॅनिक येऊन गेला ही 'भेट झाली', बंद नाही. या दोन तारखा वेगळ्या ठेवल्या की मधलं अंतर आपोआप दिसतं.

शहादेकर

ठिबकचं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. आमच्याकडे 'ड्रिपर बंद' म्हणून दरवर्षी तक्रारी होतात आणि कंपनीवाले 'पाणी खारं आहे' म्हणून मोकळे होतात. माझ्या पपईत नीट बघितलं तर मीच कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटचं खत एकाच दिवशी एका टाकीतून सोडत होतो. दोन्ही एकत्र आले की पांढरा गाळ बसतो. खारं पाणी असेल तर बोअरच्या सगळ्याच शेतात त्रास हवा. माझ्या एकाच प्लॉटमध्ये होता.

वैशाली_जळगाव

शहादेकर दादा, ठिबकच्या केस यात कमी आहेत, पण तुमचं शेवटचं वाक्य उपयोगी पडतंय. त्रास सगळीकडे आहे का एकाच जागी, हे मी मोटरीत बघितलंच नव्हतं.

अण्णा_चोपडा

तेच सांगणार होतो. सिंगल फेजिंगच्या 11 केस गावावर लावू नका, डीपीवर लावा. एका गावात चार डीपी असतात. ज्या डीपीवरचा एक फ्यूज सारखा उडतो किंवा जंपर ढिला आहे, तिथल्या सगळ्या मोटरी एकाच रात्री धोक्यात येतात. शेतकऱ्याला आपली डीपी कोणती ते माहीत असतं, फोनवर विचारा.

आणि दुसरं विचारा: स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर आहे का, आणि आहे तर चालू आहे का. मी उघडतो त्यातल्या खूप स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटर असतो आणि वायर मारून डायरेक्ट केलेला असतो.

वैशाली_जळगाव

विचारून आले. 11 पैकी 7 केस दोनच डीपींवरच्या. आणि 11 पैकी 8 ठिकाणी प्रिव्हेंटर डायरेक्ट केलेला. दोन ठिकाणी प्रिव्हेंटर नव्हताच, एकाला माहीत नाही.

प्रशांत_पांझराकाठ

मग झालं की. मूळ कारण शेतकऱ्याची चूक. प्रिव्हेंटर काढून टाकला. साहेबांना तसं लिहा.

केळी_रावेर

भाऊ, काढून टाकला म्हणून मोकळे होऊ नका, का काढला ते विचारा. रात्रीची पाळी असली की लाइट बारानंतर कधीतरी येते. ऑटो लावलेला असतो म्हणून मोटर आपोआप सुरू होते. प्रिव्हेंटरने एकदा पाडली की सकाळपर्यंत बंद. सकाळी उठून बघतो तर एक थेंब पाणी गेलेलं नाही आणि लाइट पण गेलेली. असं तीन रात्री झालं की माणूस वायर मारणारच. मी पण मारली होती.

अण्णा_चोपडा

बरोबर बोलले. काही ऑटो आणि प्रिव्हेंटर एकमेकांशी जुळत नाहीत. फेज परत आल्यावर थोडा वेळ थांबून स्वतःच पुन्हा चालू करणारा पॅनल मिळतो, त्यात कोरडी चालली तरी मोटर बंद होते. थोडा महाग पडतो. मोटर काढायची, रिवाइंड करायची आणि परत सोडायची, या खर्चापुढे तो काही नाही. पण विकताना दुकानदार साधा स्टार्टर देतो आणि ऑटो वेगळा लावून देतो.

सुनंदा_भुसावळ

आता वैशालीच्या हातात कारण आलं. 'व्होल्टेज' लिहिलं असतं तर साहेबांनी मान हलवून पान बाजूला ठेवलं असतं. 'शेतकऱ्याची चूक' लिहिलं असतं तरी तेच. 'साधा स्टार्टर आणि वेगळा ऑटो अशी जोडी विकली जाते, म्हणून प्रिव्हेंटर डायरेक्ट करतात, म्हणून फेज गेल्यावर मोटर चालत राहते' असं लिहिलं तर त्यांना दुकानदारांशी बोलता येतं. कारण शोधताना आपल्याला बदलता येईल अशा जागी थांबायचं.

एक सावधगिरी. 7 केस दोन डीपींवर आहेत म्हणून डीपीच खराब असं लगेच म्हणू नकोस. त्या दोन डीपींवर तुमच्या एकूण किती मोटरी आहेत? तिथे 40 असतील आणि बाकी डीपींवर दोन-दोन, तर तिथून जास्त तक्रारी येणारच. विक्रीच्या नोंदीवरून ताडून बघ.

वैशाली_जळगाव

विक्रीच्या नोंदीत डीपी नाही, गाव आहे. एका डीपीचं गाव लहान आहे, तिथे आमच्या नऊच मोटरी आहेत आणि त्यातल्या चार गेल्या. दुसऱ्या गावात आमच्या खूप आहेत, तिथे काही सांगता येत नाही. म्हणून पहिली डीपी नावानिशी लिहिते आणि दुसरीसमोर 'तपासायचं' लिहिते.

जॉइंटच्या 5 केस बघताना अजून एक दिसलं. पाचपैकी चार मोटरी एकाच फिटिंगवाल्या टोळीने सोडलेल्या. फोटोत जॉइंटवर नुसती काळी टेप आहे, रबर टेप किंवा किट दिसत नाही.

अण्णा_चोपडा

पाण्याखालच्या जॉइंटला नुसती पीव्हीसी टेप म्हणजे पुढच्या हंगामात मोटर वर येणार हे ठरलेलं. आधी रबर टेप ओढून ओढून गुंडाळायची, मग वरून पीव्हीसी, नाहीतर किट वापरायचं. दोन वायरींचे जॉइंट एकाच उंचीवर नसावेत, खालीवर करायचे. त्या टोळीने यावर्षी अजून कुठे कुठे मोटरी सोडल्या त्याची यादी काढा. त्या सगळ्या जायच्या आहेत, अजून गेल्या नाहीत एवढंच.

वैशाली_जळगाव

यादी काढली, साहेबांच्या पानाला जोडते. कच्चं पान असं झालंय, बघा:

'मे: 214 नोंदी, 163 केस. सर्वांत मोठा प्रकार "मोटर जळाली", 41 केस. त्यातल्या 9 मोटरी जळालेल्या नव्हत्या. 8 चं कारण माहीत नाही, त्या गावातच रिवाइंड झाल्या, सहा ठिकाणी आपण चौथ्या दिवशी किंवा नंतर पोहोचलो. 24 उघडून पाहिल्या. सिंगल फेजिंग 11, त्यात 8 ठिकाणी प्रिव्हेंटर डायरेक्ट केलेला, कारण साधा स्टार्टर आणि वेगळा ऑटो. निर्णय हवा: दुकानदारांनी दोन्ही एकत्र असलेला पॅनल द्यायचा का. केबल जॉइंट 5, त्यात एकाच टोळीच्या 4. निर्णय हवा: त्या टोळीचं काम थांबवायचं का, आणि सोबतच्या यादीतले जॉइंट आपल्या खर्चाने तपासायचे का. तिन्ही फेज काळे 5, पंप जाम होता का हे फक्त दोन ठिकाणी तपासलंय, म्हणून कारण लिहिलेलं नाही. कोरड्या चाललेल्या 3.

सर्व प्रकार मिळून उघड्या केस 22. पाणी बंद: 6, गाव-गट आणि कुणापाशी अडकलंय ते खाली. पाणी चालू: 16.'

सुनंदा_भुसावळ

चांगलं आहे. प्रत्येक निर्णयासमोर कोण करणार ते साहेब लिहितील, जागा सोड. 'पाणी बंद' सहा केस पानाच्या सगळ्यात वर घे, आकडे नंतर. आणि मेकॅनिकना आजपासून फोटोची सवय लाव: उघडलेलं वाइंडिंग, जॉइंट, स्टार्टरचं आतलं. तीन फोटो असले की पुढच्या महिन्यात वह्या धुंडाळाव्या लागणार नाहीत.

प्रशांत_पांझराकाठ

एक शंका. सिंगल फेजिंगने जळालेली मोटर वॉरंटीत बसत नाही ना? मग ताई तुम्ही 11 ठिकाणी 'सिंगल फेजिंग, प्रिव्हेंटर डायरेक्ट' लिहून दिलं, तर त्याच कागदावरून त्या 11 शेतकऱ्यांचे क्लेम नाकारतील.

वैशाली_जळगाव

हेच मला दोन दिवस खातंय. त्यातल्या काहींचे क्लेम अजून निकाली निघायचे आहेत.

सुनंदा_भुसावळ

गोषवारा आणि क्लेमचा कागद वेगळा ठेव. गोषवाऱ्यात फक्त संख्या आणि डीपी, नावं आणि गट नाहीत. नावं फक्त उघड्या केसच्या यादीत, तिथे कारणाचा रकाना नको.

अण्णा_चोपडा

ताई, नाव काढून काही होत नाही. कंपनीचा माणूस मोटर उघडेल तेव्हा त्यालाही तेच दिसेल. वाइंडिंग लपवता येत नाही. प्रश्न हा आहे की वेगळा ऑटो दुकानदाराने लावून दिला असेल तर ती चूक शेतकऱ्याची धरायची का.

सुनंदा_भुसावळ

तुमचं म्हणणं पटतं, पण आमच्या वेळी वॉरंटीच्या अटीत ऑटोचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे दर वेळी क्लेम तपासणाऱ्या माणसावर अवलंबून राहायचं. लेखी नियम मी तरी पाहिला नाही.

केळी_रावेर

माझ्या ऑटोचं बिल दुकानदाराचं आहे, स्टार्टरसोबत एकाच बिलावर. वैशालीताई, त्या 11 जणांकडे पण असं बिल आहे का ते विचारा. असेल तर क्लेमला जोडायला सांगा.

वैशाली_जळगाव

उद्या सकाळी अकराही जणांना फोन लावते. काय निघतं ते इथेच लिहीन.